अहवालातली भरताड: घट का वाढली, ते वाचणाऱ्याला कळतच नाही तेव्हा

जळगाव, धुळे पट्ट्यातल्या जिनिंग आणि डाळमिलांचे महिन्याचे अहवाल तपासून, दुरुस्त करून पुढे पाठवायचं काम मी सतरा वर्षं करतोय. मालकाकडून, भागीदारांकडून किंवा बँकेकडून अहवाल परत येतो तेव्हा दहातल्या आठ वेळा आकडे चुकलेले नसतात. आकडे बरोबर असतात, पण ते 'साधारणतः', 'काही प्रमाणात', 'दिसून येते की' असल्या शब्दांखाली गाडलेले असतात. हा बिघाड दर हंगामात तसाच येतो, म्हणून मी तो ज्या क्रमाने दुरुस्त करतो तो क्रम इथे लिहितोय. पहिल्या तपासण्या पाच-दहा मिनिटांच्या आणि फुकटच्या आहेत. शेवटच्या तपासणीला अर्धा दिवस जातो.

लक्षणं

तुमच्या अहवालात हा बिघाड आहे का, हे ओळखायला खालच्या गोष्टी बघा.

- अहवाल गेला की तासाभरात फोन येतो आणि प्रश्न एकाच शब्दाचा असतो: 'किती?', 'कधी?' किंवा 'कोणी?'
- ऑक्टोबरच्या अहवालातलं वाक्य नोव्हेंबरच्या अहवालात जसंच्या तसं चिकटवता येतं, आणि ते खोटंही ठरत नाही.
- तोच परिच्छेद वाचून एक भागीदार म्हणतो 'सगळं ठीक चाललंय' आणि दुसरा म्हणतो 'नुकसान झालंय'.
- 'योग्य ती उपाययोजना' सलग तिसऱ्या महिन्यात चालूच असते.

यातली दोन लक्षणं दिसली तर पुढे वाचा. नमुन्यासाठी बोदवडकडच्या एका जिनिंगच्या अहवालातला परिच्छेद देतो. तिथला हिशेबाचा मुलगा हुशार आहे, आकडेमोड पक्की आहे. तरी त्याने हे लिहिलं होतं:

> उपरोक्त विषयास अनुसरून या ठिकाणी नमूद करावेसे वाटते की, माहे नोव्हेंबरमध्ये सुमारे ४,००० क्विंटल इतक्या कापसावर जिनिंगची प्रक्रिया करण्यात आलेली असून रुईच्या उताऱ्याचे प्रमाण बऱ्यापैकी समाधानकारक असल्याचे दिसून येते. तथापि, घटीचे प्रमाण काही अंशी वाढलेले असून ओलाव्यामुळे असे झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या अनुषंगाने योग्य ती उपाययोजना लवकरात लवकर करण्याचा प्रयत्न करण्यात येईल.

मालकांना सगळे आबा म्हणतात. आबांनी हा परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पोराला म्हणाले, "भो, पाणी उडनं का कापूस उडना, इतलंच सांग माले."

एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्या साडेतीन ओळींत नव्हतं. पुढच्या सगळ्या तपासण्या याच परिच्छेदावर करून दाखवतो.

तपासणी १: 'की'च्या आधीचं सगळं (पाच मिनिटं)

Ctrl+F दाबा आणि एक-एक तुकडा शोधा: 'नमूद', 'निदर्शनास', 'दिसून', 'अनुषंग', 'उपरोक्त', 'सदर', 'माध्यमातून'. बहुतेक वाक्यांत 'की'च्या आधी जे असतं ते निव्वळ प्रस्तावना असते. ते काढा आणि 'की'नंतर वाक्य सुरू करा. 'या ठिकाणी नमूद करावेसे वाटते की नोव्हेंबरमध्ये' यातलं 'नोव्हेंबरमध्ये' तेवढं राहिलं तरी चालतं. 'ठिबकच्या माध्यमातून पाणी दिले' याचं 'ठिबकने पाणी दिले' होतं. 'त्या अनुषंगाने' आणि 'सदर बाबीच्या संदर्भात' यांच्या जागी बहुधा काहीच लागत नाही. लागलंच तर 'म्हणून' किंवा 'याबद्दल' पुरतं.

ही तपासणी आधी करायची कारण ती केल्यावर वाक्याची खरी क्रिया उघडी पडते. ती दिसल्याशिवाय पुढच्या तपासण्या करताच येत नाहीत.

मराठीत शोधताना दोन अडचणी येतात, त्या आधीच सांगून ठेवतो. 'बऱ्यापैकी'मधला 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात, त्यामुळे एक शोधला की दुसरा सापडत नाही. म्हणून पूर्ण शब्द न शोधता 'यापैकी' एवढाच तुकडा शोधा. मध्ये खरंखुरं 'यापैकी' आलं तर पुढे चला. दुसरी अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या मजकुरात युनिकोडचा शब्द सापडणारच नाही आणि तुम्हाला वाटेल की अहवाल स्वच्छ आहे. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणि 'रिप्लेस ऑल' अजिबात वापरू नका. एकदा एका लेखनिकाने 'सदर' सरसकट उडवलं आणि 'सदरहू खाते'चं नुसतं 'हू खाते' होऊन बँकेत गेलं.

तपासणी २: 'करण्यात आलेली आहे' (दहा मिनिटं)

आता 'करण्यात' शोधा. 'प्रक्रिया करण्यात आलेली असून' म्हणजे 'जिन केला'. 'खरेदी करण्यात आली' म्हणजे 'खरेदी केली'. 'तपासणी करण्यात येईल' म्हणजे 'तपासू'.

इथे शब्द कमी होतात हा फायदा दुय्यम. मुख्य फायदा असा की 'केले' लिहिताना हात थबकतो आणि मनात येतं, कोणी केलं? 'काट्याची तपासणी करण्यात आली' हे वाक्य कोणीही लिहू शकतो, काटा न तपासताही. 'काटा ५ तारखेला सुपरवायझरने तपासला' हे लिहायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. मी असं विचारायला लावलं तेव्हा तीन-चार वेळा उत्तर आलं, 'नाही हो, तपासायचा राहिलाच होता.'

करणारा कोण हे खरंच बिनमहत्त्वाचं असेल तिथे तो घालू नका. 'नोव्हेंबरमध्ये ४,००० क्विंटल कापूस जिन केला' यात कर्ता नाही, तरी कोणाचं काही अडत नाही.

तपासणी ३: मापाऐवजी आलेले शब्द (अर्धा तास, रजिस्टर समोर घेऊन)

'बऱ्यापैकी', 'समाधानकारक', 'काही अंशी', 'काही प्रमाणात', 'लक्षणीय', 'थोडीफार' हे शब्द जिथे येतात तिथे बहुधा एक आकडा झाकलेला असतो. लिहिणाऱ्याकडे तो असतोच. त्याने तो जिनिंग रजिस्टरमधून बघितलेला असतो आणि अहवालात येताना त्याचं विशेषण केलेलं असतं. रजिस्टर उघडा आणि आकडा परत आणा.

आमच्या नमुन्यात रजिस्टर असं होतं: कापूस ४,००० क्विंटल, रुई १,३४४, सरकी २,५६०. म्हणजे उतारा ३३.६ टक्के. रुई आणि सरकीची बेरीज ३,९०४. उरलेले ९६ क्विंटल ही घट, म्हणजे २.४ टक्के. ऑक्टोबरमध्ये घट १.५ टक्के होती. 'काही अंशी वाढलेले' म्हणजे नेमकं काय, ते आता दिसतं: ऑक्टोबरच्या दराने ६० क्विंटल घट धरली असती, झाली ९६. वाढीव ३६ क्विंटल. त्या वेळचा आमचा खरेदीचा भाव ७,००० रुपये होता, त्या हिशेबाने २ लाख ५२ हजार रुपये. 'काही अंशी' हा शब्द अडीच लाखांवर पांघरूण घालून बसला होता.

'समाधानकारक' शब्दाबद्दल माझं मत कडक आहे. उतारा समाधानकारक आहे की नाही हे वाचणारा ठरवेल. त्याला ३३.६ द्या आणि शेजारी मागच्या महिन्याचा उतारा द्या.

'सुमारे' आणि 'अंदाजे' यांना मात्र सरसकट हाकलू नका. त्यांची परीक्षा सोपी आहे: आकडा मोजलेला आहे की धरलेला? काट्यावर मोजलेल्या ४,००० क्विंटलच्या आधी 'सुमारे' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की वजनच झालेलं नाही. 'अंदाजे ३३.६४ टक्के' हे तर स्वतःलाच छेद देतं; दोन दशांश स्थळांपर्यंत मोजलं असेल तर अंदाज कसला? उलट, आवारात पडलेल्या न जिनलेल्या कापसाच्या ढिगाचा आकडा नजरेने धरलेला असेल तर तिथे 'अंदाजे' लिहिलंच पाहिजे, आणि शेजारी 'ढीग मोजलेला नाही' हेही लिहिलं पाहिजे. तिथून 'अंदाजे' काढलं तर अहवाल नीट वाचला जाईल, पण तो खोटा असेल.

तपासणी ४: तारखेऐवजी आलेले शब्द (एक-दोन फोन)

'लवकरात लवकर', 'योग्य ती कार्यवाही', 'प्रयत्न करण्यात येईल', 'नजीकच्या काळात'. यांना बदली शब्द नाही. इथे एक माणूस, एक काम आणि एक तारीख लागते, आणि ती कोणाला तरी विचारूनच मिळते. म्हणून ही तपासणी चौथी ठेवली. पहिल्या तीन तपासण्या खुर्चीत बसून होतात, हिच्यासाठी उठावं लागतं.

तारीख मिळत नसेल तर 'तारीख ठरलेली नाही' असं लिहा. लिहायला ते अवघड जातं, हे मला माहीत आहे. पण 'लवकरात लवकर' वाचून मालक निश्चिंत होतो आणि 'तारीख ठरलेली नाही' वाचून फोन उचलतो.

'प्रयत्न' या शब्दाला माझ्याकडून एकच सूट आहे. काम आपल्या हातात नसेल, जसं वीज कंपनीकडून वाढीव भार मंजूर करून घेणं, तर 'अर्ज १८ तारखेला दिला, मंजुरी यायची आहे' असं लिहा. त्यात प्रयत्न आला, आणि तो तारखेसकट आला.

तपासणी ५: 'शक्यता नाकारता येत नाही' (अर्धा दिवस)

ही सगळ्यात अवघड, कारण इथे शब्द बदलून भागत नाही. कारण शोधावं लागतं. 'ओलाव्यामुळे असे झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही' या वाक्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: काय मोजलं, त्यावरून काय काढलं, आणि काय माहीत नाही. त्या तीन ओळींत वेगळ्या करायच्या.

त्या पोराला घेऊन मी आवक रजिस्टर उघडलं. परतीच्या पावसात भिजलेला ६०० क्विंटल कापूस महिन्याच्या सुरुवातीला घेतला होता. फाटकावर मॉइश्चर मीटरने त्याचा ओलावा १३ टक्के आला होता आणि तसा तो लिहिलेलाही होता. बाकीचा कापूस ९ टक्क्यांच्या आसपास आला होता. भिजलेला माल पसरून वाळवला आणि ९ टक्क्यांवर आल्यावर जिनला.

आता हिशेब. १३ टक्के ओलाव्याच्या १०० क्विंटल कापसात ८७ क्विंटल कोरडा माल असतो. वाळून ओलावा ९ टक्क्यांवर आला की तेच ८७ क्विंटल नव्या वजनाच्या ९१ टक्के होतात, म्हणजे नवं वजन ८७ भागिले ०.९१, म्हणजे ९५.६ क्विंटल. शंभरामागे ४.४ क्विंटल पाणी उडालं. ६०० क्विंटलमागे २६.४.

वाढीव घट ३६ क्विंटल, ओलाव्याने झालेली सुमारे २६. म्हणजे १० क्विंटलचा हिशेब लागत नव्हता. इथला 'सुमारे' मी ठेवला, कारण मीटरचा आकडा हा मूठभर नमुन्यांवरचा असतो, ढिगाच्या प्रत्येक भागाचा नसतो.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं: जास्त करून पाणी उडालं, पण १० क्विंटलचं काय झालं ते पाण्याने सांगता येत नाही. सत्तर हजारांचा माल. 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य चुकीचं नव्हतं. त्याने एवढंच केलं की खऱ्या कारणाच्या आडोशाला दुसरा प्रश्न लपू दिला.

त्या पोराने मला नंतर सांगितलं की त्याला ओलाव्याची खात्री होती, पण 'सगळी घट त्याचीच' असं लिहायला भीती वाटत होती, म्हणून त्याने तसं वाक्य केलं. त्याची भीती योग्यच होती. फक्त ती वाक्यभर पसरवण्याऐवजी त्या १० क्विंटलवर ठेवायला हवी होती. बहुतेक लिहिणाऱ्यांचं असंच असतं. शंका एका आकड्यावर असते आणि संकोच अख्ख्या परिच्छेदावर पसरतो. म्हणून मी विचारतो, 'तुला यातल्या नेमक्या कशाची खात्री नाही?' आणि जे उत्तर येतं ते तसंच लिहायला सांगतो.

दुरुस्त झालेला परिच्छेद असा गेला:

> नोव्हेंबरमध्ये ४,००० क्विंटल कापूस जिन केला. रुई १,३४४ क्विंटल (उतारा ३३.६ टक्के): १७० किलोच्या ७९० गाठी बांधल्या, १०० किलो रुई शिल्लक. सरकी २,५६० क्विंटल. घट ९६ क्विंटल (२.४ टक्के), ऑक्टोबरमध्ये १.५ टक्के होती. वाढीव ३६ क्विंटलपैकी सुमारे २६ क्विंटल ओलाव्याची: पावसात भिजलेला ६०० क्विंटल कापूस १३ टक्के ओलाव्याने घेतला आणि ९ टक्क्यांवर वाळवून जिनला. उरलेल्या १० क्विंटलचे कारण सापडलेले नाही. सुपरवायझर १२ डिसेंबरपर्यंत वजनकाटा आणि आवक पावत्या तपासून कळवतील.

ओळी वाढल्या, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भरताड काढली की अहवाल आखूड होतोच असं नाही; जागा रिकामी होते आणि तिथे माहिती येते.

पावत्या तपासल्यावर सापडलं ते असं: गर्दीच्या दिवसांत काही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं रिकामं वजन दुसऱ्या फेरीला पुन्हा केलंच नव्हतं, पहिल्या फेरीचंच लावलं होतं. एकाने मधल्या काळात ट्रॉलीला लाकडी फळ्या बसवल्या होत्या. फळ्यांचं वजन कापूस म्हणून विकत घेतलं गेलं. सगळे १० क्विंटल त्यातून निघाले नाहीत, पण निम्म्याहून जास्त निघाले. ते 'कारण सापडलेले नाही' या तीन शब्दांमुळे शोधलं गेलं.

जे शब्द काढायचे नाहीत

पुढच्या महिन्याचा अंदाज लिहिताना शंका ठेवावीच लागते. पण ती 'आवक चांगली राहण्याची शक्यता आहे' अशी नको. 'डिसेंबरमध्ये आवक ३,५०० ते ४,५०० क्विंटल धरली आहे. अवकाळी पाऊस झाला तर खालचा आकडा' अशी हवी. शंकेला वरची-खालची हद्द दिली आणि ती कशावर अवलंबून आहे ते सांगितलं की त्यावरून खरेदीचे पैसे किती ठेवायचे ते ठरवता येतं.

ओलाव्याबाबतही तसंच. 'माल किंचित ओलसर' लिहू नका, टक्के लिहा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याच्या वर माल नाकारतात. 'किंचित' हा शब्द यातल्या कुठल्या खणात बसतो, ते कोणालाच सांगता येणार नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लेखापरीक्षकाच्या अहवालातला एक शब्दही हलवू नका. 'आमच्या मते', 'वाजवी खात्री', 'सत्य आणि वास्तव चित्र' हे तुम्हाला भरताड वाटेल, पण ती भाषा लेखापरीक्षणाच्या मानकांनी ठरवून दिलेली असते आणि तिच्यात सीएची जबाबदारी किती हे बांधलेलं असतं. तुमच्या अहवालात त्यातला मजकूर घ्यायचा असेल तर अवतरणात जसाच्या तसा घ्या.

बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये 'अंदाजे' खोडून तिथे नक्की आकडा घालायची वेळ आली आणि प्रत्यक्ष साठा मोजलेला नसेल, तर पेन खाली ठेवा. त्या आकड्यावर कॅश क्रेडिटची उचल ठरते. आधी साठा मोजा. रजिस्टर आणि मोजणी जुळत नसेल तर सीएला बोलवा.

गंजीला आग, भिजलेल्या गाठी, विम्याचा दावा असं काही असेल तर कारणाबद्दल 'वाटते', 'शक्यता' हे शब्द स्वतःहून काढूही नका आणि घालूही नका. काय पाहिलं, किती वाजता पाहिलं एवढं लिहून ठेवा आणि कारणाचं वाक्य सर्व्हेयर येईपर्यंत मोकळं सोडा. प्रकरण वकिलाकडे गेलेलं असेल तर त्याला दाखवल्याशिवाय परिच्छेद पाठवू नका.

आणि पाचव्या तपासणीत हिशेब केल्यावरही घट सलग दोन महिने जुळली नाही, तर तो अहवालाचा बिघाड उरत नाही. काट्याचं कॅलिब्रेशन करणाऱ्याला बोलवा, आणि तोवर अहवालात 'कारण सापडलेले नाही' हेच वाक्य राहू द्या.